कंपनीच बंद पडली, आता अनुभवपत्राची पडताळणी कोणाकडून करायची?

प्रश्न: पुण्यातल्या ऑफिससाठी सीनियर इंजिनियर घेतोय. त्याची आधीची कंपनी बंद झाली आहे. अनुभवपत्र आहे, रिलीव्हिंग लेटर आहे, पण लेटरवरच्या आयडीवर मेल जात नाही, फोन लागत नाही. उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या बीजीव्ही एजन्सीने ‘अनेबल टू व्हेरिफाय’, म्हणजे यूटीव्ही, लिहून रिपोर्ट पाठवला. वर पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख लेटरपेक्षा तीन महिने आधीची दिसते. रिजेक्ट करायचं का? आणि असाच दुसरा उमेदवार रिलीव्हिंग लेटरशिवाय आला तर काय करायचं?

उत्तर:

रिजेक्ट करू नका आणि क्लिअरही करू नका, अजून तपासणी झालेलीच नाही. एजन्सीला काम दिलेलं असतं ‘आधीच्या एचआरकडून दुजोरा घ्या’ एवढंच. त्यांनी मेल केला, दोन-तीनदा फोन लावला, उत्तर आलं नाही, फाइल यूटीव्ही करून बंद केली. या शेऱ्याचा अर्थ फक्त ‘पलीकडे कोणी नव्हतं’ इतका आहे. उमेदवार खरं बोलतोय की खोटं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

तीन महिन्यांचा फरक दोन कारणांनी पडू शकतो. एक, उमेदवाराने मधला रिकामा काळ झाकायला तारीख पुढे ढकलली. दोन, बुडत्या कंपनीने शेवटचे महिने पीएफ भरलाच नाही. दुसरा प्रकार बंद पडलेल्या कंपन्यांत सर्रास दिसतो, कारण पैसा आटला की आधी पीएफ आणि टीडीएस थांबतो, मग पगार. या दोन्हींतला फरक ओळखता येतो. त्यासाठी कंपनीतलं कोणी भेटायची गरज नाही.

सुरुवात कंपनी नेमकी कशी बंद झाली इथून करा. ‘बंद पडली’ हा बोलण्यातला शब्द आहे, कागदावर त्याचे चार-पाच वेगळे प्रकार असतात आणि कोण उत्तर देऊ शकतं ते त्या प्रकारावर ठरतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर `View Company/LLP Master Data` मध्ये लेटरहेडवरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, टाका आणि स्टेटस बघा. `Strike Off` असेल तर कंपनी निबंधकाने कंपनी कायदा 2013 च्या कलम 248 खाली नाव काढून टाकलंय. राजपत्रात नोटीस निघाली त्या तारखेपासून कंपनी विसर्जित धरली जाते. म्हणजे त्यानंतरच्या तारखेचं, जुन्या लेटरहेडवरचं ‘ताजं’ अनुभवपत्र कोणी आणून दिलं, तर ते देणारी कंपनी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. माजी संचालकाला मदत करायची असेल तर त्याने स्वतःच्या नावाने, ‘माजी संचालक’ म्हणून, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं. ते चालतं. जुना शिक्का मारून दिलेलं पत्र चालत नाही, हेतू कितीही चांगला असो.

`Under CIRP` किंवा `Under Liquidation` दिसलं तर उलट तुमचं काम सोपं होतं, कारण तिथे कायद्याने नेमलेला माणूस आहे. दिवाळखोरी प्रक्रियेत कंपनीचा कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे आणि पुढे लिक्विडेटरकडे जातो. त्याचं नाव आणि ईमेल दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावरच्या जाहीर सूचनेत मिळतं. त्याला उमेदवाराचं पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, पीएफ मेंबर आयडी आणि संमतीपत्र जोडून एक मेल करा. उत्तर येईलच असं नाही, त्याच्या टेबलावर बँकांचे दावे आधी असतात. पण आलं तर ते अधिकृत उत्तर असतं. याच प्रकारात एक गोष्ट फार कमी एचआरवाल्यांना ठाऊक असते. दिवाळखोरी संहितेच्या कलम 33(7) नुसार लिक्विडेशनचा आदेश हीच कर्मचाऱ्यांना कार्यमुक्तीची नोटीस मानली जाते. अपवाद एकच, लिक्विडेटर धंदा चालू ठेवत असेल तर. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत राहिलेल्या माणसाकडे रिलीव्हिंग लेटर मागत बसण्यापेक्षा कंपनी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, त्या आदेशाची प्रत फाइलला लावा.

`Amalgamated` असेल तर कंपनी बंद झालेली नसते, दुसरीत विलीन झालेली असते. जुने रेकॉर्ड त्या दुसऱ्या कंपनीच्या एचआरकडे मागायचे. आणि मालकी हक्काची छोटी फर्म असेल तर एमसीएवर काहीच सापडणार नाही. तिथे जीएसटी पोर्टलवर जीएसटीआयएन टाकून नोंदणी रद्द झाल्याची तारीख बघा, आणि गुमास्ता परवान्याची प्रत उमेदवाराकडे असेल तर घ्या.

आता मुख्य गोष्ट. लेटर हे कंपनीने लिहिलेलं असतं आणि उमेदवाराने आणून दिलेलं असतं. या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्या कोणीतरी त्याच काळात केलेली नोंद आपल्याला हवी असते. अशा नोंदी तीन ठिकाणी असतात: पीएफ खातं, आयकर विभाग आणि बँक. यातली पीएफची नोंद सर्वांत बोलकी, आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारीही तीच.

बहुतेक एजन्सी उमेदवाराकडून ईपीएफओच्या पोर्टलवरच्या `View → Service History` चा स्क्रीनशॉट घेतात आणि तिथली `DOE EPF`, म्हणजे सोडल्याची तारीख, लेटरशी ताडून बघतात. यात दोन चुका आहेत. पहिली, स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून `Inspect` उघडलं की कुठलीही तारीख दोन मिनिटांत बदलता येते. उमेदवाराला व्हिडिओ कॉलवर स्वतः लॉगिन करायला सांगा, त्याने पान रिफ्रेश करावं आणि तुमच्या समोर पीडीएफ उतरवावी. त्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागू नका. त्याने आपणहून देऊ केला तरी घेऊ नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते. कंपनी चालू असताना सोडल्याची तारीख मालक टाकतो. कंपनी गायब झाली की तो रकाना रिकामा राहतो. मग कर्मचारी स्वतः `Manage → Mark Exit` मधून आधारच्या ओटीपीवर ती टाकतो. ही सोय शेवटचं अंशदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी खुली होते आणि शेवटचं अंशदान ज्या महिन्याचं आहे, त्याच महिन्यातली तारीख ती स्वीकारते. म्हणजे माणूस 31 ऑगस्टपर्यंत कामाला होता, पण कंपनीने मे महिन्यानंतर पीएफ भरला नाही, तर त्याला मे महिन्यातलीच तारीख टाकावी लागते. पोर्टल दुसरी घेतच नाही. तुमच्या तीन महिन्यांमागे बहुधा हेच आहे, पण ‘बहुधा’वर ऑफर देता येत नाही, म्हणून पुढचं पाऊल.

तारखेच्या मागे न लागता पासबुक उघडा. त्यात प्रत्येक महिन्याची ओळ असते. वाचताना एक घोळ टाळा: `Wage Month` म्हणजे ज्या महिन्याचा पगार तो महिना, आणि तपशिलात लिहिलेला `Due-Month` हा त्याच्या पुढचा. मे 2021 च्या पगाराचं अंशदान `Cont. For Due-Month 062021` असं दिसतं. हे न कळल्यामुळे एक महिना जास्त किंवा कमी धरल्याचे रिपोर्ट बरेच सापडतात.

आकड्यांनिशी एक केस घेऊ. लेटरप्रमाणे नोकरी 11 जून 2018 ते 31 ऑगस्ट 2021. सर्व्हिस हिस्टरीत लागल्याची तारीख 11-06-2018, सोडल्याची 31-05-2021. कंपनी पीएफ 15,000 रुपयांच्या मर्यादेवर कापत होती. पासबुकमध्ये नेहमीच्या महिन्याची ओळ अशी असेल: कर्मचाऱ्याचे 1,800, मालकाचे 550, पेन्शनचे 1,250. आता पहिली ओळ बघा. जून 2018 ची ओळ 1,200, 367 आणि 833 अशी आहे. का? 11 ते 30 जून म्हणजे 20 दिवस, 15,000 चे तीस दिवसांतले वीस म्हणजे 10,000 रुपये, त्यावर 12 टक्के 1,200, पैकी मालकाच्या वाट्याचे 8.33 टक्के म्हणजे 833 पेन्शनला आणि उरलेले 367 पीएफला. म्हणजे लागल्याची तारीख कुठल्याही रकान्यात बघितली नाही तरी रकमेवरूनच 11 तारीख निघते, आणि ही रक्कम 2018 सालीच जमा झालेली आहे. लेटर आज बनवलेलं असेल तर त्याला ही ओळ मागे जाऊन बनवता येत नाही. मात्र काही कंपन्या मूळ पगार मर्यादेपेक्षा बराच जास्त असेल तर अर्ध्या महिन्यालाही पूर्ण 1,800 भरतात. तिथे ही युक्ती लागू होत नाही, पण म्हणून ते खोटंही ठरत नाही.

शेवटच्या टोकाला मे 2021 ची पूर्ण ओळ आहे आणि नंतर काही नाही. इथे ईपीएफओचं `Establishment Search` कामाला येतं. ते सर्वांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव किंवा कोड टाका. कोड उमेदवाराच्या मेंबर आयडीतूनच मिळतो: पुण्याच्या कंपनीचा आयडी `PUPUN` ने सुरू होतो, त्यापुढचे सात आकडे आस्थापनेचे. कंपनी सापडली की भरणा केल्याचा तक्ता उघडा. त्यात चलनाचा क्रमांक, जमा झाल्याची तारीख, रक्कम, पगाराचा महिना आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरले तो आकडा असतो.

समजा तिथे मार्च 2021 साठी 43 कर्मचारी, एप्रिलसाठी 42, मेसाठी 38 आणि त्यानंतर एकही ओळ नाही. तर मेनंतर कंपनीने कोणाचाच पीएफ भरला नाही. उमेदवाराच्या खात्यात जून ते ऑगस्ट कोरे असण्याचं कारण तो नाही, कंपनी आहे. पण समजा तक्त्यात जूनसाठी 37, जुलैसाठी 36, ऑगस्टसाठी 36 असे आकडे आहेत. मग इतरांचा पीएफ भरला गेला आणि फक्त याचा नाही, याचा सरळ अर्थ तो मेअखेर यादीतून गेला होता. लेटरवरचा ऑगस्ट मग संशयास्पद ठरतो आणि त्याचा खुलासा लेखी मागायचा. बघताना पगाराचा महिना बघा, जमा झाल्याची तारीख नको. थकलेले महिने कंपन्या कधी कधी वर्षभराने एकदम भरतात.

पुण्याच्या आपल्या केसमध्ये समजा पहिलं चित्र निघालं, मेनंतर पूर्ण शांतता. मग पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट घ्या. नेहमी महिन्याच्या 1 ते 5 तारखेला 62,400 रुपये कंपनीच्या नावाने जमा होत आलेत. मेचा पगार 7 जूनला, जूनचा 19 जुलैला, जुलैचा 3 सप्टेंबरला निम्मा, 31,200. ऑगस्टचा काहीच नाही. बुडत्या कंपनीचं स्टेटमेंट असंच दिसतं. उशीर वाढत जातो आणि रक्कम तुटत जाते. खोटं बनवणारे शेवटपर्यंत महिन्याच्या एक तारखेला पूर्ण पगार दाखवतात. जूनचा पगारही 62,400 च आहे हे लक्षात घ्या. पीएफ थांबला होता तर हातात 1,800 जास्त यायला हवे होते. म्हणजे पगारातून कापले आणि भरले नाहीत. त्याच्या जूनच्या सॅलरी स्लिपवर पीएफची कपात दिसत असेल तर उमेदवाराची गोष्ट आणखी घट्ट बसते. (ती रक्कम हा उमेदवाराचा आणि ईपीएफओचा वेगळा प्रश्न, तुमच्या फाइलचा नाही.) स्टेटमेंट बँकेने थेट ईमेलने पाठवलेली, पासवर्ड असलेली पीडीएफ असावं. खातं बंद झालं असेल तर शाखेतून सही-शिक्क्याचं घ्यायला सांगा.

आयकराची नोंद या दोन्हींच्या मधली. फॉर्म 26AS मध्ये पगारावरचा टीडीएस कलम 192 खाली, कंपनीच्या नावाने आणि टॅनने, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकाने, दिसतो. वर्ष निवडताना घोळ होतो: 2020-21 या आर्थिक वर्षाची कपात कर निर्धारण वर्ष 2021-22 मध्ये बघायची. टॅनची पहिली तीन अक्षरं शहराची आणि चौथं कंपनीच्या नावाचं आद्याक्षर असतं, त्यामुळे पुण्यातल्या ‘स’ने सुरू होणाऱ्या कंपनीचा टॅन `PNES` ने सुरू व्हायला हवा. आपल्या केसमध्ये शेवटची नोंद मार्च 2021 ची असेल आणि पुढे रिकामं असेल तर त्यात नवल नाही, पीएफ न भरणाऱ्या कंपनीने टीडीएसचं विवरण तरी कुठून भरलं असेल? पण मागच्या वर्षांचा फॉर्म 16 असेल तर त्याचा भाग अ जरूर बघा. तो आयकर विभागाच्या ट्रेसेस संकेतस्थळावरून उतरवलेला असतो आणि त्यावर `Period with the Employer` असा रकाना असतो, सुरुवात आणि शेवट दोन्ही तारखांसह.

26AS चा आणखी एक उपयोग आहे, तो बऱ्याचदा धक्का देतो. कलम 192 ऐवजी 194J किंवा 194C दिसलं तर तो माणूस कर्मचारी नव्हता, व्यावसायिक फी किंवा कंत्राटावर काम करत होता. पीएफही मग नसतोच. काम त्याने तिथेच, त्याच टेबलावर बसून केलं असेल, पण ‘कायम कर्मचारी’ म्हणून लिहिलं असेल तर ती तफावत आहे. तसंच पीएफमध्ये भलत्याच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं नाव निघालं तर तो त्यांच्या पगारपत्रकावर होता. अशा वेळी आनंदाची गोष्ट म्हणजे ती पुरवठादार कंपनी बहुतेकदा अजून चालू असते, तिच्याकडून सरळ दुजोरा मिळतो आणि बंद कंपनीचा प्रश्नच उरत नाही.

मग लेटरचं काय? लेटर शेवटी तपासा, आधी नको. एकदा वरच्या नोंदी हातात आल्या की लेटरमधल्या विसंगती आपोआप दिसतात. कंपनी कायदा 2013 लागू झाल्यापासून लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन असावा लागतो. सीआयएन 21 अक्षरांचा असतो. `U72200PN2011PTC` पुढे सहा आकडे, असा असेल तर कंपनी सूचीबाह्य, संगणक व्यवसायातली, पुण्याच्या निबंधकाकडे 2011 साली नोंदलेली खासगी कंपनी. लेटरमध्ये ‘2006 पासून कार्यरत’ असं छापलेलं असेल तर विचारा. जून 2017 च्या लेटरवर जीएसटी क्रमांक असेल तर सरळ प्रश्न आहे, कारण जीएसटी 1 जुलै 2017 ला आला. सही करणारा संचालक असेल तर मास्टर डेटात तो त्या तारखेला संचालक होता का बघा. `Under CIRP` कंपनीचं लेटर असेल तर प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेनंतर जुन्या व्यवस्थापनाने, रिझोल्यूशन प्रोफेशनलला न विचारता दिलेल्या सहीला वजन नसतं.

एका फसवणुकीपासून खास सावध राहा. तुम्ही म्हणता मेल जात नाही. एका अर्थी हे बरं आहे. बंद कंपनीचं डोमेन नूतनीकरणाअभावी सुटतं आणि कोणीही ते अल्प पैशांत घेऊन त्यावर एचआरच्या नावाचा आयडी उघडू शकतं. मग तुमच्या मेलला दहा मिनिटांत, अगदी सुबक उत्तर येतं. बंद कंपनीचं एचआर चालू कंपनीपेक्षा तत्पर निघालं की डोमेनची नोंद बघा. लेटर उमेदवाराला पीडीएफ म्हणून मिळालेलं असेल तर तिचीही तारीख बघता येते:

```
whois example.com
pdfinfo relieving_letter.pdf
```

पहिल्यात `Creation Date` बघायची. कंपनी 2021 ला थांबली आणि डोमेन 2024 ला नोंदलेलं असेल तर उत्तर कंपनीचं नाही. दुसऱ्यात `CreationDate` लेटरच्या तारखेच्या आसपास असेल तर ठीक. नंतरची असेल तर लगेच खोटं ठरवू नका, कागद आत्ता स्कॅन केला असेल तर तारीख आजचीच येणार. त्यापेक्षा भक्कम पुरावा म्हणजे ते लेटर ज्या मेलने आलं तो मूळ मेल. फॉरवर्ड केलेला नको, त्यात मजकूर बदलता येतो. उमेदवाराने जीमेलमध्ये तो उघडून `Show original` दाखवावं. तिथे `SPF` आणि `DKIM` समोर `PASS`, सोबत कंपनीचं डोमेन आणि 2021 ची तारीख असेल, तर कंपनीच्या सर्व्हरवरून तो मेल त्या दिवशी गेला होता. आपल्या केसमध्ये 31 ऑगस्टचा दिवस सिद्ध करणारी वस्तू हीच. ऑगस्टला ना पीएफ आहे, ना पगार.

रिलीव्हिंग लेटर नसलेल्या उमेदवाराचं बघू. हे पत्र आपण का मागतो ते आठवा: नोटीस काळ पूर्ण केला, देणी नाहीत, आणि दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरी नाही. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्याशी संबंधित, तो मालकच राहिलेला नाही. तिसरी गोष्ट पीएफवरून कळते. त्यामुळे राजीनाम्याचा मूळ मेल, त्यावरची स्वीकृती किंवा हिशेब पूर्ण केल्याचा मेल, आणि उमेदवाराचं साधं लेखी निवेदन एवढं पुरतं. फक्त सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख रिकामी ठेवून त्याला रुजू करून घेऊ नका. तुमच्याकडे लागल्याची तारीख चढली की दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात आणि पुढच्या कंपनीची एजन्सी त्याला दुहेरी नोकरी म्हणून लाल शेरा मारते. रुजू होण्याआधी त्याच्याकडून `Mark Exit` करून घ्या.

ज्याचा पीएफच नव्हता त्याच्याबाबतीत हात थोडा आखडता राहतो. वीसपेक्षा कमी माणसांच्या फर्मला पीएफ लागू नसतो, आणि पहिल्याच नोकरीत मूळ पगार 15,000 च्या वर असलेला माणूस कायद्यानेच बाहेर राहू शकतो. काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टमध्ये असतो, त्याचं पासबुक ईपीएफओकडे दिसत नाही. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीची नोंद शोधा. बाकी बँक आणि 26AS यावरच राहावं लागतं. दोन्ही नसतील, पगार रोखीने मिळत होता असं सांगितलं, तर तो काळ पडताळलेला अनुभव म्हणून धरू नका.

एक मर्यादा स्पष्ट ठेवा. या सगळ्यातून कालावधी सिद्ध होतो, हुद्दा होत नाही. पीएफला सीनियर इंजिनियर आणि ट्रेनी सारखेच. हुद्द्यासाठी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, आणि त्या काळातला वरिष्ठ. वरिष्ठाचा नंबर उमेदवाराकडून घेऊ नका, लिंक्डइनवर स्वतः शोधा आणि ज्याने कंपनीत जास्त वर्षं काढली त्याला विचारा. त्याचा खासगी मेल हा संदर्भ म्हणून नोंदवा, कंपनीचा दुजोरा म्हणून नाही.

रिपोर्टमध्ये ‘यूटीव्ही’ या एका शब्दाऐवजी काळाचे तुकडे पाडून लिहून घ्या. आपल्या केसचा मजकूर असा होईल: ‘कंपनी स्ट्राइक ऑफ, मास्टर डेटाची प्रत जोडली आहे. 11 जून 2018 ते 31 मे 2021 पीएफ पासबुकवरून पडताळले. जून व जुलै 2021 बँक स्टेटमेंटवरून पडताळले, या काळात कंपनीने कोणत्याही कर्मचाऱ्याचा पीएफ भरल्याची नोंद नाही. ऑगस्ट 2021 उमेदवाराच्या मूळ ईमेलवरून, स्वतंत्र दुजोरा नाही. हुद्दा नेमणूकपत्र व एका माजी वरिष्ठाच्या सांगण्यावरून. कार्यमुक्तीची औपचारिक पडताळणी शक्य नाही.’ असा रिपोर्ट माझ्या मते अंबरमध्ये, म्हणजे हिरवा आणि लाल यांच्या मधल्या शेऱ्यात, जातो आणि हायरिंग मॅनेजरच्या लेखी मंजुरीने पुढे सरकतो. ऑगस्टचा एक महिना एकूण अनुभवाच्या किमान वर्षांवर परिणाम करत नसेल तर त्यासाठी ऑफर अडवण्याचं कारण नाही. करत असेल, म्हणजे तुमची अट बरोबर काठावर असेल, तर तो महिना सोडून मोजा आणि तसं उमेदवाराला सांगा.

काम झालं की पासबुक आणि बँक स्टेटमेंटच्या प्रती फाइलमध्ये ठेवायच्या नाहीत. त्यात त्याच्या कर्जाचे हप्तेही असतात आणि घरचं भाडंही. कोणी, कोणत्या तारखेला, कोणती नोंद समोर बघितली याची एक ओळ आणि रिपोर्ट एवढंच ठेवा.